दोन मिनिटं, दहा एमबी आणि .mp4

शाळेच्या ग्रुपवर विज्ञान प्रदर्शनाची सूचना येते. प्रकल्पाचा व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत हवा, फाइल १० एमबीपेक्षा मोठी नको, .mp4 स्वरूपात असावी आणि सोबतच्या गूगल फॉर्मवर शनिवारपर्यंत अपलोड करावी. बहुतेक घरांत या सूचनेतला शनिवार तेवढा लक्षात राहतो. उरलेल्या तीन अटींकडे लक्ष जातं ते फॉर्म फाइल घेत नाही तेव्हा. तोवर शूटिंग आटोपलेलं असतं, मॉडेल उचलून ठेवलेलं असतं, आणि मग हाताला लागेल त्या ॲपमधून फाइल लहान करायची धावपळ सुरू होते. शेवटी फाइल दहा एमबीत बसते खरी, पण तक्त्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत आणि मुलाने महिनाभर खपून केलेला प्रयोग धूसर चौकोनांत हरवून जातो.

हे टाळता येतं. त्यासाठी या तीन अटी शूटिंगच्या आधी वाचायला हव्यात, कारण व्हिडिओला किती तपशील परवडणार आहे हे त्यांनीच ठरवलेलं असतं आणि कॅमेरा हातात घेण्याआधी ते एका भागाकाराने काढता येतं.

आधी या दहा एमबीबद्दल. ही मर्यादा शिक्षकांनी मनाला येईल तशी घातली, असं पालकांना वाटतं. गूगल फॉर्ममध्ये फाइल मागवायचा प्रश्न तयार करताना कमाल आकारासाठी ठरावीक पर्याय समोर येतात: १ एमबी, १० एमबी, १०० एमबी, १ जीबी, १० जीबी. मधलं २५ किंवा ५० काही निवडता येत नाही. शिवाय सगळ्यांच्या मिळून फाइली किती झाल्या की फॉर्म बंद होणार, याचीही एक मर्यादा असते. शिक्षकांनी ती बदलली नाही तर ती १ जीबी असते. साठ मुलांच्या वर्गाला प्रत्येकी १०० एमबीची मुभा दिली, तर मोठ्या फाइली पाठवणाऱ्या पहिल्या दहा मुलांतच जागा संपेल आणि अकराव्याला फॉर्म उघडणारच नाही. दहा एमबी ठेवले तर साठ मुलांचे मिळून ६०० एमबी होतात आणि सगळे मावतात. शिक्षकांचं गूगल खातं फुकटचं असेल तर त्यात एकूण १५ जीबी जागा, तीही मेल आणि फोटोंसकट. त्यामुळे मर्यादा वाढवून मागण्यापेक्षा तिच्यात चांगला व्हिडिओ कसा बसवायचा, ते शिकणं बरं.

आता तो भागाकार. व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदासाठी फाइलमध्ये किती माहिती साठवली आहे, याच्या मापाला बिटरेट म्हणतात. बिटरेट गुणिले सेकंद म्हणजे फाइलचा आकार. रिझोल्यूशन, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, फोनची किंमत, यांतलं काहीही या गुणाकारात थेट येत नाही. आकार आणि वेळ शाळेने ठरवून दिलेत, म्हणजे बिटरेट आपोआप ठरला. लक्षात ठेवायचं ते एवढंच की फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात आणि बिटरेट बिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात.

माझ्या आठवीतल्या भाचीच्या व्हिडिओचा हिशेब इथे मांडतो. तिने प्लॅस्टिकच्या बाटलीत कापूस, कोळसा, वाळू आणि खडी यांचे थर लावून गढूळ पाणी गाळायचा प्रयोग केला होता. मर्यादा दोन मिनिटांची, पण आम्ही १ मिनिट ५५ सेकंद धरले, म्हणजे ११५ सेकंद. बरोबर दोन मिनिटांवर कापलेला व्हिडिओ एक्सपोर्ट करताना सेकंदाच्या एखाद्या अंशाने लांबतो आणि काही प्लेअर तो २:०१ असा दाखवतात. त्यावरून कुणाशी वाद घालण्यापेक्षा पाच सेकंद सोडलेले परवडले. आकारही दहाऐवजी साडेनऊ एमबी धरला. त्याचं कारण असं की एमबी मोजायच्या दोन रीती आहेत. एकीत एक एमबी म्हणजे दहा लाख बाइट. दुसरीत १०,४८,५७६ बाइट, आणि विंडोज ही दुसरी रीत वापरतं. त्यामुळे जी फाइल विंडोजवर ९.८ एमबी दिसते, तीच मॅकवर १० च्या वर दिसू शकते. साडेनऊच्या आत राहिलं की दोन्ही रीतींनी सुटका.

साडेनऊ एमबी म्हणजे ९५ लाख बाइट, म्हणजे ७६० लाख बिट. भागिले ११५ सेकंद. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ६,६०,००० बिट, म्हणजे ६६० केबीपीएस. यात चित्र आणि आवाज दोन्ही आले. नुसतं बोलणं असेल तर मोनो आवाजाला ६४ केबीपीएस पुरतात. राहिले ५९६. फाइलच्या स्वतःच्या बांधणीलाही थोडी जागा लागते, म्हणून चित्रासाठी ५८० धरले.

हा ५८० आकडा केवढा लहान आहे, ते फोनशी ताडून पाहिल्यावर कळतं. साधारण अँड्रॉइड फोन १०८०पीवर सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने शूट करताना सुमारे १७,००० केबीपीएस वापरतो. भाचीची ११५ सेकंदं त्या हिशेबाने जवळपास २४५ एमबी होतात. म्हणजे मूळ माहितीचा पंचवीस-सव्वीसावा भाग ठेवून बाकीची टाकायची होती. टाकायचं काय, हे सॉफ्टवेअर ठरवतं. पण त्याचं काम सोपं करायचं की अवघड, ते शूटिंग करणाऱ्याच्या हातात असतं.

व्हिडिओ लहान करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. ते आधीच्या फ्रेमशी तुलना करतं आणि फरक तेवढा लिहून ठेवतं. भिंत, टेबल, तक्ता जागचे हलले नाहीत तर त्यांच्यासाठी जवळपास काहीच खर्च होत नाही आणि वाचलेले बिट हलणाऱ्या हाताला आणि चेहऱ्याला मिळतात. फोन हातात धरून शूट केलं की सगळीच चौकट दर क्षणी थोडीथोडी हलते आणि न बदललेली भिंतसुद्धा बदलल्यासारखी धरावी लागते.

भाचीने पहिलं शूटिंग अंगणात केलं होतं. उजेड छान होता, पण मागे कडुलिंब होता आणि वारा सुटलेला. हजारो बारीक पानं, प्रत्येक वेगळ्या दिशेला हलणारी. ५८० केबीपीएसला आणल्यावर तो कडुलिंब नुसता हिरवा चिखल झाला. त्याहून वाईट म्हणजे पानांनीच बहुतेक बिट खाऊन टाकल्यामुळे बाटलीतले थर एकमेकांत मिसळलेले दिसू लागले. कोळसा कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते हे कळेना, आणि प्रयोगाचा मुद्दा तर तोच होता.

"मामा, फोन खराब आहे का?" असं तिने विचारलं. फोन चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर मांडला, मागे एकरंगी चादर लावली आणि फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला. गाळून येणारं पाणी धारेने न पाडता थेंबाथेंबाने पडू दिलं, कारण उसळणारं, चमकणारं पाणी हेदेखील पानांइतकंच खर्चिक असतं. त्याच ५८० केबीपीएसमध्ये या वेळी थर वेगवेगळे दिसले, पेल्यातल्या पाण्याचा रंगही दिसला.

उजेडाबद्दल एक सांगायला हवं. रात्री एका दिव्याखाली शूट केलं की फोन अंधार भरून काढायला धडपडतो आणि चित्रात बारीक दाणे पडतात. ते दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असतात. म्हणजे डोळ्यांना स्थिर दिसणारी भिंत सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सतत खदखदत असते. दिवसा खिडकीसमोर शूट केलेली क्लिप आणि रात्री केलेली क्लिप एकाच बिटरेटला आणून शेजारी ठेवल्या, तर हा फरक मुलांनाही लगेच दिसतो.

पुढचा प्रश्न रिझोल्यूशनचा, आणि इथे सर्वात जास्त गैरसमज आहे. एक्सपोर्ट करताना १०८०पी निवडलं की व्हिडिओ स्पष्ट येणार, असं सगळ्यांना वाटतं. बिटरेट भरपूर असेल तर ते खरंच आहे. पण बिट मोजकेच असतील तर नेमकं उलटं होतं. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, तर ४८०पीच्या आडव्या फ्रेममध्ये सुमारे ४ लाख १० हजार. म्हणजे पाचपट. एका भाकरीपुरतं तूप पाच भाकऱ्यांना लावायला घेतलं तर एकीलाही धड लागत नाही. ५८० केबीपीएसमध्ये १०८०पीचा हट्ट धरला की हलत्या भागांभोवती चौकोन चौकोन फुटतात आणि चेहरा मेणासारखा सपाट होतो. तोच व्हिडिओ ४८०पीला आणला तर थोडा मऊ दिसतो, पण फुटत नाही. सेकंदाला ६० फ्रेमचं शूटिंगही इथे नको. बोलणं आणि हातांची कामं दाखवायला ३० फ्रेम पुष्कळ होतात.

४८०पीला यायचं म्हणजे तक्त्यावरच्या लहान अक्षरांना रजा द्यावी लागते. पूर्ण तक्ता चौकटीत घेऊन त्यावरची पेन्सिलीची अक्षरं वाचता यावीत, अशी अपेक्षा ठेवू नये. त्याऐवजी तक्त्याचा एकेक भाग जवळून, फोन न हलवता, पाच-सहा सेकंद दाखवावा. आणि फोन आडवा धरावा. शाळेत व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवला जातो तेव्हा उभ्या व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं लहान दिसतं.

वेळेचं म्हणाल तर जास्तीचं कापणं हाच खरा उपाय. दोन मिनिटांत निवांत, समजेल असं बोलायला साधारण दोनशे-सव्वादोनशे शब्द पुरतात, म्हणून आधी लिहून, घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावं. व्हिडिओ अडीच मिनिटांचा झाला म्हणून ॲपमध्ये वेग सव्वापट करून तो दोन मिनिटांत बसवणारे बरेच आहेत. मला ते अजिबात पटत नाही. आवाज घाईचा, चिरका होतो आणि परीक्षकाला मूल पाठ केलेलं म्हणून टाकतंय असं वाटतं. शाळेचं नाव, इयत्ता, मार्गदर्शक शिक्षक, आभार, हा सगळा मजकूर बोलण्याऐवजी सुरुवातीच्या एका स्थिर पाटीवर चार सेकंद दाखवला तरी बरीच सेकंदं सुटतात, आणि स्थिर पाटीला बिटही फार लागत नाहीत.

तुकडे जोडणं फोनवरच्या कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये होतं. काही ॲपमध्ये एक्सपोर्टच्या वेळी रिझोल्यूशन आणि फ्रेम रेटच्या शेजारी बिटरेटचीही पट्टी असते आणि फाइल अंदाजे केवढी होईल तेही लिहून येतं. तसं असेल तर तिथेच काम संपतं. नसेल तर ॲपमधून चांगल्या दर्जात एकदाच एक्सपोर्ट करावं आणि ती फाइल संगणकावर HandBrake या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्यावी. ते handbrake.fr या त्याच्या स्वतःच्या साइटवरून उतरवावं.

त्यात फाइल उघडल्यावर Format या ठिकाणी MP4 निवडायचं. Dimensions या भागात रुंदी ८५४ आणि उंची ४८० ही मर्यादा द्यायची. Video या भागात एन्कोडर H.264 ठेवायचा, फ्रेम रेट ३० आणि Constant Framerate करायचा. बरेच फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करत शूट करतात. तो स्थिर केला नाही तर काही वेळा शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. तिथेच Avg Bitrate निवडून आपला आकडा, म्हणजे ५८०, लिहायचा आणि त्याखालची मल्टी-पासची खूण करायची. ही खूण केली की सॉफ्टवेअर आधी पूर्ण व्हिडिओ एकदा तपासतं, अवघड भाग कुठे आहेत ते टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत बिट त्याप्रमाणे वाटतं. वेळ दुप्पट लागतो, पण आकार ठरवल्याच्या अगदी जवळ येतो. Audio या भागात मोनो आणि ६४ निवडायचं. भाचीची फाइल ९.२ एमबीच्या आसपास आली.

व्हॉट्सॲपने काम भागतं असं सांगणारे बरेच भेटतील. स्वतःलाच पाठवायचा, उतरवून घ्यायचा, फाइल लहान झालेली असते. होते हे खरं, पण किती लहान आणि कशी, यावर आपला ताबा नसतो. त्यावर आणखी एडिटिंग केलं की दर एक्सपोर्टला चित्र थोडं थोडं बिघडत जातं. मामाच्या किंवा काकूच्या फोनवर शूट केलेली क्लिप मागवायची असेल तर ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. तशी पाठवली की मूळ फाइल जशीच्या तशी येते. आणि फुकटात फाइल लहान करून देणाऱ्या अनोळखी साइटवर मुलाचा व्हिडिओ चढवू नये, हे मी कळकळीने सांगेन. त्यात मुलाचा चेहरा असतो, आवाज असतो, गणवेशावर शाळेचा बिल्ला असतो. तो कुठे साठवला जातो, किती दिवस राहतो, आपल्याला काही कळत नाही.

तिसरी अट फाइलच्या प्रकाराची. ती सर्वात सोपी वाटते आणि फसवते तीच. .mp4 हे आतल्या सामानाचं नाव नाही, ते वरच्या डब्याचं नाव आहे. आतलं चित्र कोणत्या पद्धतीने बांधलं आहे, ही वेगळी गोष्ट. दोन पद्धती नेहमी भेटतात: २००३ साली आलेली एच.२६४ आणि २०१३ साली आलेली एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५. नवी पद्धत कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र देते, म्हणून २०१७ पासून आयफोन ती वापरू लागले आणि आता बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही ती चालू करता येते. अडचण शाळेतल्या संगणकाची आहे. अनेक विंडोज संगणकांवर एचईव्हीसीसाठीचा जोड स्वतंत्रपणे बसवावा लागतो. तो नसेल तर व्हिडिओ लावल्यावर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

गूगल फॉर्म ही चूक पकडत नाही. फॉर्ममध्ये शिक्षकांना फाइलचा प्रकार 'व्हिडिओ' एवढाच ठरवता येतो, त्यामुळे आयफोनची .mov फाइलही तो निमूटपणे घेतो. पालक निर्धास्त होतात आणि काळा पडदा दिसतो तो थेट परीक्षणाच्या वेळी. काही जण फाइलचं नाव बदलून .mov च्या जागी .mp4 लिहितात. त्याने डब्यावरची चिठ्ठी बदलते, आतलं चित्र होतं तसंच राहतं. आयफोनवर शूट करणार असाल तर Settings मध्ये Camera, त्यात Formats आणि तिथे Most Compatible निवडावं. मग चित्र एच.२६४ पद्धतीने नोंदवलं जातं. फाइल तरीही .mov असते, पण ती वर सांगितल्याप्रमाणे HandBrake मधून काढली की डबा आणि सामान दोन्ही हवे तसे होतात. बाहेर पडलेल्या फाइलचं नाव मात्र पाहून घ्यावं. हे सॉफ्टवेअर कधीकधी .m4v असं नाव देतं. ते सेव्ह करण्याआधीच .mp4 करून घेता येतं.

खात्री करायची ती व्हीएलसी प्लेअरमध्ये. व्हिडिओ लावून Ctrl+J दाबलं की Codec समोर H264 लिहिलेलं दिसायला हवं. तिथे HEVC दिसलं तर फाइल पुन्हा काढावी. विंडोजवर फाइलवर उजवं बटण दाबून Properties उघडलं की कंसात नेमके बाइट दिसतात. तो आकडा एक कोटीच्या खाली असला पाहिजे. त्यानंतर व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, शक्य तर मोठ्या पडद्यावर, एकदा पाहावा. पाणी पडतं ती जागा, तक्ता आणि शेवटचं वाक्य यांकडे विशेष लक्ष द्यावं. शेवटच्या वाक्याला ओठ आणि आवाज जुळत असतील तर मधेही जुळलेले असतात.

अपलोड करताना फॉर्म गूगल खात्यात लॉग-इन करायला लावतो. घरातल्या कुणाचं खातं चालू आहे ते आधी पाहावं, कारण शिक्षकांकडे फाइल त्या खात्याच्या नावाने जाते. वडिलांच्या नावाने आलेली 'VID_0147' नेमकी कुणाची, हे साठ फाइलींतून शोधणं त्यांना जड जातं. फाइलच्या नावातच इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक घातला की काम सोपं होतं.

फॉर्म गेला म्हणून मूळ क्लिपा पुसू नयेत. शाळेतून निवडलेला प्रकल्प तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जातो, आणि तिथे व्हिडिओ मागितला तर अटी वेगळ्या असू शकतात. पाच मिनिटं, १०० एमबी अशी मर्यादा असेल तर तोच भागाकार पुन्हा करायचा: ८,००० लाख बिट भागिले ३०० सेकंद, म्हणजे सुमारे २,६६० केबीपीएस. एवढ्यात ७२०पी छान बसतं. पण ते मूळ क्लिपांमधूनच. ४८०पीला आणलेल्या ९.२ एमबीच्या फाइलमधून टाकून दिलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.